‘पार्सल मिळालंच नाही’: चार्जबॅकला उत्तर देणारं पत्र कसं लिहायचं

दिवाळीच्या फराळाचा, पापड-लोणच्यांचा, रांगोळीच्या सामानाचा किंवा मंडळाच्या टी-शर्टचा छोटासा ऑनलाइन धंदा आपल्यापैकी बरीच घरं चालवतात. पैसे कार्डाने येतात, पार्सल पोस्टाने जातं, आणि महिन्याभराने एक दिवस कार्ड प्रोसेसरची ईमेल येते की ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली आहे, रक्कम तुमच्या खात्यातून काढून घेतली आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्या. यालाच चार्जबॅक म्हणतात. आज आपण त्या उत्तराच्या पत्राबद्दल बोलणार आहोत. रागात लिहिलेलं पत्र मोडून ते बँकेला वाचता येईल असं कसं करायचं, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण बोलण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातल्या अडचणी नेहमीच्या आहेत.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एक ताई भाड्याच्या कमर्शियल किचनमधून फराळ बनवून विकतात. ६ ऑक्टोबर २०२५ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून एक ऑर्डर आली. फराळाचे तीन डबे, प्रत्येकी ५४ डॉलर, आणि पोस्टेज २४ डॉलर. एकूण १८६ डॉलर. वेबसाइटवर वचन होतं की पार्सल वसुबारसेपर्यंत, म्हणजे १७ ऑक्टोबरपर्यंत पोचेल. ताईंनी तिन्ही डबे एकाच खोक्यात भरून १० तारखेला पोस्टात दिले. १४ तारखेला ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आलं. दिवाळी झाली. आणि २५ नोव्हेंबरला प्रोसेसरची सूचना आली: कारण, ‘माल मिळाला नाही’. उत्तराची शेवटची तारीख, ९ डिसेंबर.

आता हे पत्र नक्की वाचतं कोण? तुम्ही ते प्रोसेसरच्या पानावर चढवता, प्रोसेसर ते कार्ड नेटवर्कमार्फत ग्राहकाच्या बँकेकडे पाठवतो, आणि तिथला एक कर्मचारी ते पाहतो. तो तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर अशी कितीतरी प्रकरणं असतात आणि तुमच्या प्रकरणाला तो थोडीच मिनिटं देणार असतो. शिवाय ग्राहक ही त्याच्या बँकेची खातेदार आहे. तुमचं पत्र ती बँक ग्राहकाला दाखवू शकते, हेही लक्षात असू द्या. आपल्या धंद्यात ग्राहक म्हणजे बहुतेक वेळा मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचं माणूस असतं.

ताईंनी त्या रात्री जे पहिलं पत्र लिहिलं, त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होता:

“महोदय, मी गेली सहा वर्षं प्रामाणिकपणे फराळ करते आहे. ही बाई सरळसरळ खोटं बोलते आहे. रात्र रात्र जागून मी करंज्या तळल्या, तिने सगळा फराळ खाल्ला आणि आता पैसे परत मागते आहे. ट्रॅकिंग खालच्या लिंकवर बघा. तिने मला व्हॉट्सॲपवर स्वतः लिहिलं आहे, हवं तर स्क्रीनशॉट पाठवते. आमच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलं आहे की खाण्याचे पदार्थ परत घेतले जात नाहीत. तुम्ही नेहमी ग्राहकाचीच बाजू घेता. न्याय मिळाला नाही तर मी वकिलाकडे जाईन.”

यातला राग समजण्यासारखा आहे. पण बँकेच्या त्या कर्मचाऱ्याच्या खुर्चीत बसून हे वाचा. त्याला एकच प्रश्न सोडवायचा आहे: ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या तारखेच्या आत माल पोचला का? व्हिसाच्या नियमांत या कारणाला १३.१ असा क्रमांक आहे, आणि त्यात विक्रेत्याने दाखवायचं असतं ते एवढंच. सहा वर्षांच्या प्रामाणिकपणाने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. रात्री जागून तळलेल्या करंज्यांनीही नाही.

‘परत घेतले जात नाही’ हे वाक्य तर उलट नुकसान करतं. माल परत घेण्याचं धोरण उपयोगी पडतं ते ग्राहक म्हणतो की मी माल परत केला किंवा ऑर्डर रद्द केली तेव्हा. ज्याला माल मिळालाच नाही असं तो म्हणतो आहे, त्याला ‘परत घेत नाही’ सांगण्यात काही अर्थ नाही. वाचणाऱ्याला वाटतं की विक्रेत्याने तक्रारीचं कारण वाचलेलंच नाही. म्हणून पहिलं काम हेच: सूचनेतलं कारण कागदावर वर लिहा, आणि त्या कारणाला लागू नसलेलं प्रत्येक वाक्य खोडा.

‘खोटं बोलते आहे’ हेही खोडायचं, आणि ते केवळ सभ्यतेसाठी नाही. तुम्हाला ते खरोखर माहीत नसतं. खोकं दारातून चोरीला गेलं असू शकतं. नवऱ्याने उचलून गराजमध्ये ठेवलं असू शकतं. कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या फराळाच्या नावाऐवजी एलएलसीचं नाव दिसलं आणि घरात कुणाला ते ओळखता आलं नाही, असंही होतं. तुम्ही जे सिद्ध करू शकत नाही ते पत्रात आलं, की वाचणारा सिद्ध झालेल्या गोष्टींकडेही संशयाने पाहू लागतो.

लिंकचं काय? बँकेचा कर्मचारी बाहेरची लिंक उघडेल असं धरून चालू नका. पत्राबरोबर जे कागद आहेत तेवढेच त्याच्यापुढे असतात. ‘हवं तर पाठवते’ हेही चालत नाही, कारण बहुतेक प्रोसेसर पुरावा एकदाच स्वीकारतात. बटण दाबलं की नंतर भर घालता येत नाही. जे आहे ते त्याच वेळी, त्याच फाइलमध्ये जायला हवं.

तर ताईंनी आधी पत्र बाजूला ठेवलं आणि कागद गोळा केले. इथे तीन गोष्टी नीट समजून घ्या, कारण बरीच प्रकरणं इथेच हातची जातात.

पहिली गोष्ट ट्रॅकिंगची. पोस्टाच्या ट्रॅकिंगच्या पानावर दिसतं ते असं: १४ ऑक्टोबर, दुपारी अमुक वाजता, डिलिव्हर्ड, कॅरी, आणि झिप कोड. घर क्रमांक आणि रस्ता त्या पानावर नसतो. म्हणजे ते पान एकटं पाहिलं तर पार्सल कॅरीत कुठेतरी पोचलं, एवढंच कळतं. त्या ट्रॅकिंग क्रमांकाचं खोकं याच घराकडे निघालं होतं, हे सांगतं ते शिपिंग लेबल. लेबलवर पूर्ण पत्ता आणि तोच ट्रॅकिंग क्रमांक, दोन्ही एकत्र असतात. म्हणून लेबलची प्रत आणि ट्रॅकिंगचं पान ही जोडी आहे. एकाशिवाय दुसरं अर्धं. ताईंच्या बाबतीत आणखी एक खाच होती. ऑर्डर तीन डब्यांची, ट्रॅकिंग क्रमांक मात्र एकच. वाचणाऱ्याला सहज प्रश्न पडेल की बाकीचे दोन डबे कुठे गेले? उत्तर लेबलवरच्या वजनात होतं. दोन-दोन पौंडांचे तीन डबे आणि पॅकिंग मिळून खोकं सात पौंडांचं होतं. पत्रात हे एका वाक्यात सांगावं लागतं, वाचणाऱ्याने ओळखून घ्यावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

ट्रॅकिंगबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी पोस्ट खातं बहुतेक पार्सलांचा ट्रॅकिंगचा इतिहास सुमारे १२० दिवसच दाखवतं, आणि माल मिळाला नाही अशी तक्रार त्याच सुमारास, कधी त्याच्याही नंतर तुमच्यापर्यंत पोचू शकते. म्हणून ‘डिलिव्हर्ड’ दिसलं त्याच दिवशी ते पान पीडीएफ करून ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावा. नंतर ते पान मिळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट पत्ता पडताळणीची. ग्राहक कार्ड वापरतो तेव्हा त्याने टाकलेला पत्ता बँकेकडच्या पत्त्याशी जुळतो का, हे तपासलं जातं. याला एव्हीएस म्हणतात, आणि त्याचा निकाल प्रोसेसरच्या पानावर त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. रस्ता आणि झिप कोड दोन्ही जुळले, आणि पार्सलही त्याच पत्त्यावर गेलं, तर बँकेच्या स्वतःच्या नोंदीतल्या पत्त्यावर माल गेला असं म्हणता येतं. याने माल हातात पडला हे सिद्ध होत नाही, पण ‘भलत्याच पत्त्यावर पाठवलं’ ही शंका संपते.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांसाठी खास महत्त्वाची: व्हॉट्सॲपवरचे मराठी निरोप. १५ ऑक्टोबरला ग्राहकाने लिहिलं होतं: “ताई, खोकं काल मिळालं. दोन-तीन चकल्या तुटल्यात, पण चव मस्त.” ताईंनी लगेच उत्तर दिलं होतं: “अगं, तुटलेल्यांच्या बदली एक पाकीट पाठवू का?” आणि पलीकडून आलं: “नको हो, असू दे.” सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, कारण ग्राहकाने स्वतःच्या शब्दांत माल मिळाल्याचं सांगितलं आहे. पण बँकेतल्या माणसाला मराठी वाचता येत नाही. नुसता स्क्रीनशॉट त्याच्यासाठी रेघोट्यांचं चित्र आहे.

म्हणून स्क्रीनशॉटच्या खाली प्रत्येक निरोपाचं इंग्रजी भाषांतर द्या, ओळीला ओळ, तारीख आणि वेळेसह. भाषांतर सरळ असू द्या, ‘मस्त’चं ‘अतिशय उत्कृष्ट’ करू नका. भाषांतर विक्रेत्याने स्वतः केलं आहे असं खाली लिहा. निरोप कुणाचा, हेही दिसायला हवं. तुमच्या फोनमध्ये ते नाव ‘कॅरीवाली’ म्हणून साठवलं असेल, तर बँकेला त्याचा काही पत्ता लागणार नाही. संपर्काचं पान उघडून फोन नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या. तोच नंबर ऑर्डरच्या फॉर्मवर असला की दुवा पूर्ण होतो.

इथे एक मोह होतो. तुटलेल्या चकल्यांचा उल्लेख आपल्याला अडचणीचा वाटतो, आणि स्क्रीनशॉट ‘खोकं काल मिळालं’ एवढ्यावर कापून टाकावासा वाटतो. तसं करू नका. पूर्ण संभाषण ग्राहकाच्या फोनमध्येही आहे. अर्धं कापलेलं चित्र समोर आलं आणि बाकीचं नंतर दिसलं, तर तुमच्या सगळ्याच कागदांवरचा विश्वास जातो. आणि पूर्ण संभाषण खरं तर ताईंच्याच बाजूचं आहे. तक्रार आली तेव्हा त्यांनी बदली माल देऊ केला, आणि ग्राहकाने तो नको म्हटला.

आता क्रम. वाचणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत उत्तर कळलं पाहिजे, आणि त्यानंतर तारखांच्या ओळीने प्रत्येक गोष्ट, प्रत्येक गोष्टीपुढे कुठल्या क्रमांकाचा पुरावा ते. जोडलेले कागदही त्याच क्रमाने. पत्रात ‘पुरावा ३’ म्हटलं की फाइलमधलं तिसरं कागदपत्र तेच असायला हवं. ताईंचं दुसरं पत्र इंग्रजीत गेलं. मराठीत त्याचा अर्थ असा:

“विषय: १८६ डॉलरच्या व्यवहाराबाबत ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीला उत्तर.

ऑर्डर केलेला माल ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे वचन दिलेल्या १७ ऑक्टोबरच्या आधी पोचला. १५ ऑक्टोबरला ग्राहकाने माल मिळाल्याचं लेखी कळवलं.

६ ऑक्टोबर: ग्राहकाने फराळाचे तीन डबे मागवले. ऑर्डरवर वितरणाचा पत्ता, फोन नंबर आणि १७ ऑक्टोबरपर्यंत वितरण असं नमूद आहे. कार्डाच्या पत्त्याची पडताळणी रस्ता व झिप कोड दोन्हींसाठी जुळली; वितरणाचा पत्ता तोच आहे. (पुरावा १)

१० ऑक्टोबर: तिन्ही डबे एका खोक्यात, एका ट्रॅकिंग क्रमांकाने पाठवले. लेबलवर वरीलच पत्ता आणि सात पौंड वजन आहे. (पुरावा २)

१४ ऑक्टोबर: पोस्टाच्या नोंदीनुसार पुरावा २ मधल्या ट्रॅकिंग क्रमांकाचं खोकं त्याच शहरात व झिप कोडमध्ये वितरित झालं. (पुरावा ३)

१५ ऑक्टोबर: ऑर्डरवरच्याच फोन नंबरवरून ग्राहकाने खोकं मिळाल्याचं आणि काही चकल्या तुटल्याचं कळवलं. विक्रेत्याने बदली पाकीट देऊ केलं. ग्राहकाने ते नको म्हटलं. मूळ निरोप मराठीत आहेत. विक्रेत्याने केलेलं इंग्रजी भाषांतर जोडलं आहे. (पुरावा ४)

या व्यवहाराची कोणतीही रक्कम आधी परत केलेली नाही. वरील नोंदींच्या आधारे चार्जबॅक मागे घ्यावा, ही विनंती.”

एवढंच पत्र. एका पानात बसतं. यात रागाचं किंवा कौतुकाचं एकही विशेषण नाही हे पाहा. ‘स्पष्टपणे’, ‘उघडउघड’, ‘नक्कीच’ असे शब्दही नाहीत, कारण ते शब्द पुराव्याच्या जागी बसतात आणि पुरावा मात्र देत नाहीत. आणखी एक बारीक फरक ऐका. १४ तारखेच्या ओळीत ‘ग्राहकाला मिळालं’ असं लिहिलेलं नाही, ‘पोस्टाच्या नोंदीनुसार वितरित झालं’ असं लिहिलं आहे. पोस्टाची नोंद तेवढंच सांगते. ‘मिळालं’ हा शब्द १५ तारखेच्या ओळीत येतो, कारण तिथे तो ग्राहकाचा स्वतःचा आहे. प्रत्येक वाक्य तपासताना हाच प्रश्न विचारा: शेजारचा कागद नेमका एवढंच म्हणतो का, की मी त्यात भर घातली?

फाइल तयार करताना सगळं एका पीडीएफमध्ये, पत्र पहिलं, मग पुरावे क्रमाने. बँकेकडे पोचेपर्यंत कागद काळापांढरा होऊ शकतो, म्हणून पिवळ्या रंगाने ओळ ठळक करण्यापेक्षा चौकट काढा. अक्षर मोठं ठेवा. फोनचा अख्खा उभा स्क्रीनशॉट पानावर आक्रसला की वाचता येत नाही, त्याचे दोन भाग करा, पण मधला निरोप गाळू नका. कार्डाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी आकडे कुठेही दिसता कामा नयेत. फाइलचा आकार आणि पानांची मर्यादा प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते, ती चढवण्याच्या पानावर पाहून घ्या.

ग्राहकाला फोन करावा का? करता येतो, शांतपणे. कधीकधी समोरून कळतं की घरात गैरसमज झाला होता. तसं असेल तर ग्राहकाने स्वतः बँकेला कळवून तक्रार मागे घ्यायची असते, आणि बँकेने तसं लेखी दिलं तर ते तुमच्या फाइलमध्ये जोडा. पण ‘मी बँकेला सांगते’ एवढ्या शब्दावर थांबू नका. तुमचं उत्तर तारखेच्या आत गेलंच पाहिजे. उत्तर गेलं नाही, तर बँक ती कबुली धरते. आणि तक्रार चालू असताना वेगळा परतावा देऊ नका. चार्जबॅकचे पैसे आधीच गेलेले असतात, वर परतावा दिलात तर तीच रक्कम दोनदा जाऊ शकते.

निकाल यायला दोन-अडीच महिनेही लागू शकतात. तो विरुद्धही जाऊ शकतो, कारण निर्णय ग्राहकाच्या बँकेचा असतो. त्यापुढे नेटवर्कच्या लवादाची पायरी आहे, पण हरणाऱ्याला तिथे काही शे डॉलर फी पडते. १८६ डॉलरसाठी तिथे जाण्यात हशील नाही. म्हणून पहिल्या पत्रातच सगळं यावं लागतं.

आणि काही वेळा उत्तर न देणंच बरोबर असतं. ट्रॅकिंगवर झिप कोड वेगळा दिसत असेल, पार्सल कबूल तारखेनंतर पोचलं असेल, किंवा लेबल बनलं पण पोस्टाने खोकं उचलल्याची नोंदच नसेल, तर वर सांगितलेलं पत्र लिहायला बसा आणि पाहा: पहिली दोन वाक्यं खरी लिहिता येत नाहीत. तसं झालं तर तक्रार मान्य करा. चार्जबॅकची फी बहुधा तरीही लागते, पण दोन महिन्यांची वाट आणि ओळखीतला वाद टळतो.

ताईंनी ते पत्र ५ डिसेंबरला, मुदतीच्या चार दिवस आधी चढवलं. चढवण्याआधी त्यांनी ते घरातल्या एकाला वाचायला दिलं, ज्याला या ऑर्डरबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि विचारलं: “खोकं पोचलं का? कशावरून?” वाचणाऱ्याने ट्रॅकिंगचं पान आणि १५ तारखेचा निरोप, दोन्हींवर बोट ठेवलं. तुम्हीही आपलं पत्र याच कसोटीवर लावा, आणि बोट कुठे अडतं ते पाहून तेवढी ओळ पुन्हा लिहा.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.